खडू उजव्या हातात होता

डिटर्मिनंटशी माझं कधीच जमलं नाही. तीन ओळी, तीन उभे रकाने, आडव्यातिडव्या गुणाकारांची ती जाळी, आणि मधल्या पदाच्या आधी लावायचं ते वजा चिन्ह. ते चिन्ह मी दर वेळी विसरायची. बारावीच्या वर्षी व्हेक्टर, म्हणजे लांबी आणि दिशा दोन्ही असलेले बाण, सुरू झाले आणि क्रॉस प्रॉडक्ट काढायचा तर हीच जाळी मांडायची असं कळलं, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आम्ही कोराडीला राहायचो, वीज केंद्राच्या कॉलनीत. बाबा कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर कामाला होते. नरखेडकडच्या गावात भावांकडे शेती सोडून ते इथे नोकरीला आले होते आणि मी इंजिनिअर व्हावं हे त्यांच्याच डोक्यातून निघालं होतं. मोठ्या साहेबाला खालून वर बघताना त्यांना ते सुचलं असावं. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. अकरावीत गणित इंग्रजीत सुरू झालं, आणि मग कोणीतरी बाबांना सांगितलं की प्रवेश परीक्षेला बसायचं तर सीताबर्डीवरच्या अमुक सरांच्या क्लासशिवाय गत्यंतर नाही. सर निवडक मुलंच घ्यायचे. मला घेतलं, याचं माझ्यापेक्षा बाबांनाच जास्त आश्चर्य वाटलं. क्लास सुटला तर बी.ए. करायचं आणि स्थळं बघायची, हे घरात उघडपणे ठरलेलं होतं. आईने तसं एकदा नाही, येता-जाता ऐकवलं होतं.

तेव्हा प्रवेश परीक्षेत नव्या धर्तीचे प्रश्न यायला लागले होते. प्रश्नाखाली चार उत्तरं छापलेली, त्यातलं बरोबर उत्तर निवडायचं. आम्हाला पायऱ्यांची सवय. पायरी नाही तर मार्क नाही, हे शाळेत आमच्या हाडीमाशी खिळलेलं. वर्गातली हुशार मुलंही त्या चार उत्तरांकडे न बघता आधी सगळं गणित मांडायची आणि शेवटी आपलं उत्तर त्या चारांत शोधायची.

मी उलटं करायची. हुशारीने नाही, नाइलाजाने. माझं गणित मांडलं की चुकायचं, म्हणून मी आधी चार उत्तरांकडेच बघायची आणि यातलं कोणतं असूच शकत नाही ते शोधायची. घरी टेबलावर खराट्याच्या दोन काड्या एका टोकाला जुळवून ठेवायच्या. हे दोन व्हेक्टर. त्यांचा क्रॉस प्रॉडक्ट म्हणजे त्या टोकाशी उभी राहणारी तिसरी काडी, दोघींनाही काटकोनात. मग छापलेल्या उत्तराचा पहिल्या व्हेक्टरशी डॉट प्रॉडक्ट करून बघायचा. काटकोन असेल तर डॉट शून्य आला पाहिजे. नाही आला की ते उत्तर बाद. डॉट प्रॉडक्ट तोंडी जमतो, समोरासमोरचे आकडे गुणायचे आणि बेरीज करायची. तिसऱ्या काडीची लांबी म्हणजे खालच्या दोन काड्यांनी होणाऱ्या समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ. लांबी जुळली नाही की आणखी एक बाद. डॉटच्या प्रश्नांचंही तसंच. दोन व्हेक्टरांची लांबी तीन आणि पाच असेल, तर त्यांचा डॉट पंधराच्या वर जाऊच शकत नाही. त्यांच्यातला कोन विशाल असेल तर तो धन येऊच शकत नाही. बघता बघता चारातली तीन गळायची. उरलेलं ते उत्तर. मी काहीच सोडवलेलं नसायचं.

आणि हेच मला खात होतं. मनातून मला ती चोरीच वाटायची. बाकीची मुलं घाम गाळून उत्तर आणतात आणि आपण दारातूनच बघून सांगतो, हे काही खरं गणित नाही. म्हणून मी हे कोणाला बोलले नाही. सरांना तर नाहीच.

क्लासची चाचणी झाली. चाचणीला रोल नंबरप्रमाणे बसवायचे, मुलं-मुली असा भेद नाही. माझ्या शेजारी धरमपेठेतल्या एका डॉक्टरांचा मुलगा आला. तो वर्गात पहिला असायचा. त्याने माझ्याकडे आणि मी त्याच्याकडे जन्मात बघितलं नव्हतं. पेपर जवळजवळ सगळा व्हेक्टरांचा होता. मी सगळ्यांच्या आधी संपवून बसले आणि उरलेला वेळ खिडकीतून खालची सायकल दुरुस्तीची टपरी बघत काढला. बाईमाणसाने वर्गात असं रिकामं बसू नये, हे मला कळायला हवं होतं.

दोन दिवसांनी सरांनी मला उभं केलं. त्यांच्या एका हातात माझी उत्तरं होती, दुसऱ्या हातात माझा कच्च्या कामाचा कागद. त्यावर इकडेतिकडे थोड्या बेरजा होत्या, बाकी कागद कोरा.

"याचं रफ वर्क कुठे आहे?"

त्यांनी कागद वर्गाकडे फिरवला.

"उत्तरं सगळी याच्याशी जुळताहेत," त्यांनी डॉक्टरांच्या मुलाकडे बोट केलं. "फक्त एक सोडून. ते बघताना बहुतेक नीट दिसलं नसेल."

वर्ग हसला. सर रागीट म्हणून प्रसिद्ध होते, पण त्या दिवशी ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "तू कसं सोडवलंस ते सांग, मी ऐकतो." आता बोलायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं की मी सोडवलेलं नाहीच. मला स्वतःलाच ते चोरीचं वाटत आलेलं, तर ते तसं नाही हे सरांना कोणत्या तोंडाने सांगू? माझी मान आपोआप खाली गेली. मान खाली गेली की निकाल लागला.

"उद्या वडिलांना घेऊन ये. नाहीतर येऊ नकोस."

त्या क्लासची ही रीत होती. कोणी कॉपी करताना सापडला की त्याच्या पालकाने येऊन फळ्याशेजारी उभं राहायचं, सगळ्या वर्गासमोर. शिक्षा मुलाला नसायची, ती पालकाला असायची. सरांचं म्हणणं, पोराला मारलं तर ते विसरतं, बापाला उभं केलेलं ते विसरत नाही. खरंच आहे. मी कुठे विसरले?

घरी मी बाबांना एवढंच सांगितलं की सरांनी बोलावलंय. का, ते सांगण्याचं धैर्य झालं नाही. बाबा रात्रपाळी करून आले, अंघोळ केली, ठेवणीतला पांढरा शर्ट घातला आणि न झोपता माझ्याबरोबर बसमध्ये बसले. त्यांना वाटलं, पोरीचं कौतुक करायला बोलावलं असेल. बर्डीला उतरल्यावर त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली. तेव्हा मात्र माझ्याने राहवलं नाही. जिन्याशी मी म्हणाले, "बाबा, सर म्हणतात मी कॉपी केली. मी नाही केली."

बाबा जिन्यातच थांबले. "मंग ते काहून म्हणून राहिले तसं?"

 काड्या, काटकोन, डॉट शून्य, हे त्या अरुंद जिन्यात, वर चढणाऱ्या पोरांच्या धक्क्यांत त्यांना कसं सांगणार? बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. ते वर चढायला लागले.

ते फळ्याशेजारी उभे राहिले. अंघोळ करूनही त्यांच्या हातांच्या रेघांत कोळसा राहायचाच, तो काही निघायचा नाही. पांढऱ्या शर्टाच्या बाह्यांतून ते हात बाहेर दिसत होते. आणि मला, खरं सांगते, आधी त्या हातांची लाज वाटली. डॉक्टरांचा मुलगा पहिल्याच बाकावर होता, त्याला ते दिसताहेत म्हणून. नंतर त्या लाजेची लाज वाटली, पण ती नंतर.

सरांनी सुरुवात करायच्या आत बाबांनी हात जोडले. "सर, पोरीची चूक झाली. एक डाव माफी द्या. पुन्हा नाही होनार."

मी काय केलं, काय नाही, हे कोणी विचारलंही नव्हतं. माझ्या वतीने कबुली देऊन टाकली गेली होती. जमीन दुभंगावी म्हणतात ना, ते मला तेव्हा कळलं. फक्त तो वरचा मजला होता आणि खाली कापडाचं दुकान होतं.

सर म्हणाले, "माफीचं नंतर बघू. हिला एक संधी देतो." ते फळ्याकडे वळले. दोन व्हेक्टर लिहिले. पहिला एक, दोन, दोन. दुसरा दोन, एक, वजा दोन. यांचा क्रॉस प्रॉडक्ट काढा. खाली चार उत्तरं:

(६, ६, ३)
(−६, ६, −३)
(२, −२, १)
(६, −६, ३)

"सोडव. इथे शेजारी कोणी नाही."

मी खडू घेतला. डिटर्मिनंट मांडायला हात उचलला आणि मधलं वजा चिन्ह आठवून तो खाली आला. एवढ्या लोकांसमोर मी ते चुकवणारच होते. तेव्हा मनाशी म्हटलं, चोर तर ठरलोच आहोत, आता चोरीच करू.

मी पहिल्या उत्तराला पहिल्या व्हेक्टरशी तोंडी गुणलं. सहा, बारा, सहा. "चोवीस आलं. शून्य यायला हवं होतं. हे बाद," मी म्हणाले आणि त्यावर काट मारली. बाकीची तिन्ही मी दोन्ही व्हेक्टरांशी तपासली, सगळीकडे शून्य. तिन्ही काटकोनात होती. मग लांबी. दिलेल्या दोन्ही व्हेक्टरांची लांबी तीन-तीन, आणि त्यांचा आपसातला डॉटही शून्य, म्हणजे त्यांनी होतो तो चौरसच. क्षेत्रफळ नऊ. तिसऱ्या उत्तराची लांबी भरते फक्त तीन. "हे दिशेने ठीक आहे, पण आखूड आहे. बाद."

 सर खुर्चीतून थोडे पुढे सरकलेले मला दिसले. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते खाली स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

दोन उरली. दोन्ही काटकोनात, दोन्ही नऊ लांबीची, अगदी एकमेकांच्या उलट. एक काडी टेबलाच्या वर उभी, दुसरी टेबलाच्या खाली. इथे डॉटही कामाचा नाही आणि क्षेत्रफळही नाही. इथे हातच लागतो. उजव्या हाताची बोटं पहिल्या व्हेक्टरकडून दुसऱ्याकडे वळवायची, अंगठा जिकडे जाईल तिकडे उत्तर. मी दोघांची जमिनीवर पडेल तशी सावली फळ्यावर काढली. म्हणजे पहिले दोन आकडेच घेतले. पहिला एक-दोन, तो उभट. दुसरा दोन-एक, तो आडवट. तिसरा आकडा फळ्यातून आपल्याकडे येणारा धरायचा. मग हात फळ्याला लावला, बोटं पहिल्याकडून दुसऱ्याकडे वळवली, घड्याळाच्या काट्यासारखी. अंगठा वर्गाकडे आला.

"तिसरा आकडा धन. उत्तर चौथं."

सरांनी डॉक्टरांच्या मुलाला विचारलं. त्याने तोपर्यंत वहीत डिटर्मिनंट मांडून टाकलं होतं. "दुसरं, सर," तो म्हणाला. "वजा सहा, सहा, वजा तीन." बिचाऱ्याने विचारलेलं सांगितलं. त्याचं काही चुकलं नाही.

वर्ग हसला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "आज शेजारी कोनी नोता ना!" आणि हसणं वाढलं.

तेव्हा बाबा पुढे आले. वर्ग हसतोय, पोरगी लाल होऊन उभी आहे, म्हणजे तिला आलं नाही, एवढं त्यांना समजलं. ते वाकले आणि सरांच्या पाया पडले. सर त्यांच्यापेक्षा वयाने बरेच लहान. सर दचकून खुर्चीतून उठले. "अहो, काय करताय, थांबा हो," म्हणत त्यांनी बाबांना खांद्याला धरून उभं केलं. बाबा म्हणत होते, "सर, तिले काढू नका. शिकली नाही त करीन काय ते? तुमच्या हातापाया पडतो." पांढऱ्या शर्टाची बाही सरांच्या टेबलाला घासून खडूने भरली. माझ्या आयुष्यात मी त्याहून जास्त शरमले नाही. वर्गाचं हसणं बंद झालं होतं आणि ते जास्त वाईट होतं.

सर काही क्षण फळ्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खडू खाली ठेव."

मला वाटलं, संपलं. मी खडू ठेवला.

"आता पुन्हा कर. अंगठा दाखव."

मी हात फळ्याला लावला. या वेळी उजवा. तो आता रिकामा होता. बोटं वळवली आणि अंगठा फळ्यात घुसला, आतल्या बाजूला. तिसरा आकडा वजा. उत्तर दुसरं.

म्हणजे मघाशी मी डावा हात लावला होता. उजव्या हातात खडू होता, म्हणून. मला पत्ताही नव्हता. घरी पेन्सिल हातात धरून मी हेच करत असणार, आणि काड्या कधी बोलल्या नाहीत.

सरांनी टेबलावरचा माझा पेपर ओढला. डॉक्टरांच्या मुलाशी न जुळलेला तो एकच प्रश्न काढून बघितला. तो दिशेचाच होता. माझं उत्तर बरोबर उत्तराच्या थेट उलट, आकडे तेच, चिन्हं फिरवलेली. शेजाऱ्याच्या पेपरात बघून हे उत्तर येणं शक्य नव्हतं. त्याच्याकडे ते नव्हतंच. त्यांनी मला हळूच विचारलं, "इथे पेन होता हातात?"

"हो, सर."

त्यांना कळलं. मलाही कळलं की त्यांना कळलं. पण वर्गाला त्यांनी काही सांगितलं नाही. काल त्यांनीच सगळ्यांसमोर मला चोर म्हटलं होतं, आणि एवढ्या मोठ्या माणसाला पोरांसमोर शब्द मागे घेणं जमत नसावं. त्यांची मान किंचित खाली गेलेली मी बघितली. हिशेब त्यांनी तेवढ्यावर मिटवला. बाबांकडे वळून म्हणाले, "ठीक आहे. बसू द्या तिला. उद्यापासून नियमित येऊ द्या."

बाबांनी पुन्हा हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, आधी उत्तरं बघा, मग गणित मांडा. पर्याय कसे गाळायचे ते तासभर शिकवलं. काटकोन तपासा, लांबी तपासा, आणि दिशा बघायच्या आधी पेन बाकावर ठेवा. पोरांनी ते उतरवून घेतलं. हे कुठून आलं, ते त्यांनी सांगितलं नाही. डॉक्टरांचा मुलगा मात्र जाता जाता माझ्याकडे बघून थांबला, काही बोलेलसं वाटलं, आणि तसाच गेला. वर्षाच्या शेवटपर्यंत वर्गात मी ती कॉपीवालीच होते, जिच्या बापाने पाय धरले ती.

त्या दिवशी क्लासवरून परत जाताना बसमध्ये बाबा खिडकीशी बसले.  मी म्हणाले, "बाबा, मी खरंच कॉपी नव्हती केली. सरांना आता समजलं. माझं चुकलं ते हाताचं चुकलं, डावा हात लावला मी." मी त्यांना बोटं वळवून दाखवायला लागले. त्यांनी माझा हात धरून खाली ठेवला.

"राहू दे वं, पोरी. सरायनं माफ केलं ना? झालं मंग."

"माफ नाही हो केलं, बाबा. चूकच नव्हती."

"बरं बरं," ते म्हणाले. "नको रडू आता." आणि रात्रपाळीच्या जागरणाने दमलेला तो माणूस मान टाकून झोपला. मी त्यांच्या बाहीवरचा खडू झटकला. तो पूर्ण निघाला नाही.

मी पुन्हा सांगायला हवं होतं, घरी, शांतपणे, काड्या मांडून. तसा प्रयत्न एकदा केला. बाबा कौतुकाने बघत होते, मान डोलवत होते, आणि मला स्पष्ट दिसत होतं की पोरगी आपली लाज झाकायला काहीतरी जुळवून सांगतेय आणि बापाने ते ऐकून घ्यावं, अशा समजुतीने ते ऐकताहेत. त्यांच्या डोळ्यांसमोर जे घडलं ते सरळ होतं. पोरगी फळ्यावर चुकली. बाप पाया पडला. सर नरमले. यात माझ्या काटकोनाला जागाच नव्हती. मी काड्या उचलल्या. मला रागही आला होता, पण तो कोणावर काढायचा ते कळेना. सरांवर काढायचा तर ते गणिताचे देव, आणि बाबांवर काढायचा तर ते माझ्यासाठी वाकले होते.

प्रवेश मिळाला. यादीत नाव लागलं तेव्हा बाबा मला गावी घेऊन गेले. ओसरीत काका, शेजारपाजारचे, संत्र्याच्या बागेतून आलेले चार-दोन जण असे सगळे बसले होते. मी चहाचे कप घेऊन बाहेर आले तर बाबांचं सांगणं रंगात आलं होतं. माझ्या हुशारीबद्दल सांगून झालं होतं आणि आता ते त्या क्लासवर आले होते. सर किती कडक, पोरांना कसे काढून टाकायचे. "हिलेही काढून राहिले होते, कॉपी केली म्हणून," बाबा म्हणाले. "पण मी सरळ पाया पडलो. म्हटलं, सर, काही करा पण पोरगी ठेवा. माझ्या शब्दाखातर ठेवली त्यायनं. नाही त कुठची इंजिनिअर अन् काय." त्यांची छाती भरून आली होती. आयुष्यात आपल्या मुलीसाठी आपण काहीतरी मोठं करू शकलो, हे ते पहिल्यांदाच चार माणसांत सांगत होते.

कप हातात घेऊन मी तिथेच थांबले. सांगून टाकावं असं वाटलं. अगदी ओठांवर आलं.

काकांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काहून वं, खरंच कॉपी केली होती का तू?"

मी तोंड उघडायच्या आत बाबाच बोलले. त्यांनी माझ्या हातातला कप घेतला, दुसऱ्या हाताने माझ्या पाठीवर थोपटलं आणि काकांना म्हणाले, "जाऊ दे ना गा. लहान होती तवा. आता नाही करत."